शेतात पाणी कुठे साचेल? टीडब्ल्यूआय नकाशा काढताना या चुका टाळा

टोपोग्राफिक वेटनेस इंडेक्स, म्हणजेच टीडब्ल्यूआय, 1979 मध्ये बेव्हन आणि किर्कबी यांनी मांडला. त्यामागचा हिशेब साधा आहे. एखाद्या जागेवर वरच्या अंगाने किती क्षेत्राचं पाणी येतं, याला त्या जागेच्या उताराने भागायचं आणि त्याचा नैसर्गिक लॉग घ्यायचा. पाणी जास्त येत असेल आणि उतार कमी असेल तर आकडा मोठा येतो. क्यूजीआयएस या मोफत नकाशा सॉफ्टवेअरमध्ये हे अर्ध्या तासाचं काम आहे. अडचण अशी की चुकीच्या माहितीतूनही नकाशा छान रंगीत निघतो, आणि तो पाहून कुठेही चर खोदला जातो.

कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यातलं, ओढ्याकडे उतरणारं चार हेक्टरचं, म्हणजे साधारण दहा एकरांचं एक रान समोर धरू. 30 मीटरच्या चौकोनांत उंची देणाऱ्या मोफत उपग्रह डेटात या रानाचे जेमतेम 45 सेल पडतात आणि एका एकराला चार-साडेचार. एवढ्यावर गावाच्या शिवारातला ओघ कळतो, पण रानातला चिबडाचा तुकडा कळत नाही. त्यात एसआरटीएम आणि कोपर्निकस हे उंचीचे दोन्ही संच पिकाचा, झाडांचा वरचा पृष्ठभागही कमी-अधिक पकडतात. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी 2000 ची आहे. त्या महिन्यात या भागात बराच ऊस उभा असतो. तीन मीटर ऊस म्हणजे गणिताच्या दृष्टीने तेवढं पठारच, आणि पाणी त्याला वळसा घालून गेल्याचं दिसतं. नकाशातल्या ओल्या रेषा पिकाच्या कडेकडेने काटकोनात वळत असतील तर हाच घोटाळा समजा. रानापुरतं काम असेल तर ऊस तुटल्यावर आणि पावसाआधी ड्रोनने मोजणी करून घ्यावी. मग तो डेटा पाच सेंटिमीटरवर वापरू नका, दोन ते पाच मीटरवर आणा. नाहीतर सगळा नकाशा सऱ्या-वरंब्यांचा होतो, आणि त्या तर दर हंगामात बदलतात.

दुसरी चूक जवळजवळ प्रत्येक नवखा करतो: आधी डेटा गटाच्या हद्दीवर कापायचा आणि मग प्रवाह मोजायचा. पाण्याला सात-बारा कळत नाही. रानातल्या एका सेलवर वरच्या शेजाऱ्यांसकट दोन हेक्टरचं पाणी येतंय, सेल पाच मीटरचा आहे आणि उतार अर्धा टक्का आहे असं धरू. 20,000 चौरस मीटरला सेलच्या रुंदीने, म्हणजे 5 ने, भागलं की 4,000 येतात. त्याला 0.005 ने भागून लॉग घेतला की 13.6. हद्दीवर कापल्यामुळे त्यातलं फक्त 0.2 हेक्टर उरलं तर तोच सेल 11.3 वर येतो आणि ओल्या रंगातून कोरड्यात जातो. वरच्या बांधाला लागून सगळीकडे एकसारखी कोरडी पट्टी दिसली की कापाकापी आधी झाली आहे हे ओळखा. पाणलोटाच्या माथ्यापर्यंतचा डेटा घ्या, सगळं गणित करा आणि शेवटी कापा.

एककांच्या चुका दोन जातींच्या असतात. पाणलोट क्षेत्राऐवजी नुसती सेलची संख्या टाकली तर वरचा 13.6 हा 12.0 होतो, पण सगळेच सेल ln(5) इतके, म्हणजे 1.6 ने, खाली येतात. रानातला ओला-सुका क्रम बदलत नाही, फक्त दुसऱ्या नकाशाशी तुलना करता येत नाही. उताराची चूक मात्र घातक. रास्टर कॅल्क्युलेटरचा tan रेडियन मागतो आणि उताराचा रास्टर बहुतेक वेळा अंशात असतो. तसाच टाकला तर 1.57 ते 3.14 अंशांमधल्या उतारांची किंमत ऋण येते आणि लॉग निघत नाही. मध्यम उतारावर, साधारण पावणेतीन ते साडेपाच टक्क्यांच्या पट्ट्यात, नकाशाला भोकं पडलेली दिसली तर दुसरीकडे शोधत बसू नका. सूत्र असं हवं, यात sca म्हणजे सेलच्या रुंदीने भागलेलं पाणलोट क्षेत्र आणि slope म्हणजे अंशातला उतार:

```
ln( "sca@1" / ( tan("slope@1" * 0.0174533) + 0.001 ) )
```

शेवटचा 0.001 सपाट सेलवर शून्याने भागाकार होऊ नये म्हणून आहे. तेवढा उतार म्हणजे शंभर मीटरला दहा सेंटिमीटर. त्याने इतर आकडेही किंचित खाली येतात, आपला 13.6 हा 13.4 होतो. चालतं. डेटा अक्षांश-रेखांशात असेल तर उतार मोजण्याआधी तो मीटरच्या प्रक्षेपात, 78 अंश रेखांशाच्या पश्चिमेला `EPSG:32643` मध्ये, आणा. आणताना बायलिनियर निवडा. नीअरेस्ट नेबरने उतारात पट्टे उमटतात.

आता खरी गोम. प्रवाह मोजण्याआधी उंचीच्या डेटातले खळगे भरायचे असा सगळीकडे शिरस्ता आहे, आणि आपण शोधतोय तेच खळगे. भरलेला भाग सपाट होतो. उतार शून्य झाला आणि सूत्रात तो 0.001 नसेल तर नकाशा नेमका पाणी साचतं तिथेच कोरा पडतो. भरताना किमान उतार दिला असेल तर उलट होतं आणि अख्खा भरलेला भाग एकसारखा गडद दिसतो.

आपल्या रानाच्या खालच्या अंगाला रस्ता आहे आणि रस्त्याखाली मोरी. मोरी उंचीच्या डेटात दिसत नाही, त्यामुळे रस्ता म्हणजे धरणच. समजा खळगे भरल्यावर रस्त्यामागे 60 सेंटिमीटर खोलीचं तळं तयार झालं आणि खालचे तीन एकर गडद झाले. हे तळं गणितातलं आहे, रानातलं नाही. अशा वेळी मोरीच्या जागी रेघ ओढून तिथल्या सेलची उंची ओढ्याच्या तळाइतकी खाली करायची आणि मग पुन्हा गणित करायचं. मोरी वाहती असेल तर ते तीन एकर आकसून ओघळीच्या पट्टीवर येतील. गाळाने बुजली असेल तर मात्र भरलेला नकाशाच खरा, म्हणून आधी मोरीत डोकावून या.

एवढं झालं की भरलेल्या उंचीतून मूळ उंची वजा करा. उरतो तो खळग्यांच्या खोलीचा नकाशा, आणि माझ्या मते तो टीडब्ल्यूआयच्या शेजारी ठेवल्याशिवाय कोणालाही दाखवू नये. उपग्रहाच्या डेटात मीटरभराचे खळगे बहुतेक मोजणीची चूक असते. ड्रोनच्या डेटात मात्र दोन-तीन गुंठ्यांवर पसरलेला 25 सेंटिमीटरचा खळगा प्रत्यक्ष पाहायला जाण्यासारखा असतो.

नकाशा पडताळायचा तो वाफशावर. मोठ्या पावसानंतर कुठला तुकडा सगळ्यात उशिरा वाफशावर येतो ते मालकाला तोंडपाठ असतं. त्या जागा मोबाइलवर टिपून नकाशावर टाका, पाच मीटरची चूक गृहीत धरा. टिपलेल्या जागा वरच्या आकड्यांत पडल्या नाहीत तर सूत्र पुन्हा तपासण्याआधी कालवा कुठून जातो ते बघा. टीडब्ल्यूआय पाऊस आणि माती सगळीकडे सारखी धरतो आणि जमिनीखालचं पाणी उताराने वाहतं असं मानतो. कालव्याचा पाझर, वरच्या रानाचं पाटपाणी, काळ्या मातीखालचा चुनखडीचा थर यांतलं काहीच त्याच्या हिशेबात नाही. उंचावर असूनही चिबड झालेलं रान या नकाशात कोरडंच दिसणार. तिथे दीड-दोन मीटरचा खड्डा घेऊन पाण्याची पातळी मोजावी लागते.