आत्याच्या गोळ्यांचा डबा कसा तपासला

आत्या ७६ वर्षांची. रक्तदाबाची गोळी हृदयाच्या डॉक्टरांची, साखरेची दुसऱ्यांची, गुडघ्यांची हाडांच्या डॉक्टरांची. तिघांपैकी कोणीच दुसऱ्याची चिठ्ठी पाहिलेली नव्हती.

आधी सगळी औषधं टेबलावर काढा. नुसता गोळ्यांचा डबा पुरत नाही. फ्रीजमधले डोळ्यांचे थेंब, उशाजवळचं मलम, चूर्ण, शेजारणीने दिलेली अंगदुखीची गोळीसुद्धा हवी. दुकानदाराने कात्रीने कापून दिलेल्या तुकड्यावर नाव उरलेलं नसेल, तर बिल शोधा. अंदाजाने काहीही लिहू नका.

मग वही घ्या. ब्रँडच्या शेजारी पाकिटावर बारीक अक्षरात असलेलं मूळ औषधाचं नाव लिहा. ते वाचायला मोबाइलवर फोटो काढून मोठा करा. एका गोळीत दोन औषधं असतील तर दोन ओळी. पुढे मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, कोणी दिलं आणि कधीपासून चालू आहे.

आत्याची गडबड इथेच उघडी पडली. दोन वेगळ्या ब्रँडच्या गोळ्यांत रक्तदाबाचं टेल्मिसार्टन ४०च होतं. एकीत जोडीला क्लोरथॅलिडोन. म्हणजे रोज ८० मिलिग्रॅम, आणि ते कुणाच्याच चिठ्ठीवर नाही. शिवाय एसेक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५ ही गुडघ्याची गोळी दिवसातून दोनदा. दहा दिवसांसाठी दिलेली, दोन महिने चाललेली.

हे त्रिकूट मूत्रपिंडाला जड जातं. टेल्मिसार्टन गाळणीतला दाब उतरवतं, क्लोरथॅलिडोन लघवीवाटे पाणी आणि मीठ काढतं, एसेक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक गाळणीकडे येणारा रक्तपुरवठा आवळतं. एरवी निभतं, पण जुलाब किंवा उलट्या झाल्या की मूत्रपिंडाचं काम मंदावतं आणि ते दाखवणारा रक्तातला आकडा, क्रिएटिनिन, चढतो. औषधं एकमेकांना बाधतात का ते तपासणाऱ्या इंटरनेटवरच्या साइट बहुतेक दोन-दोन औषधांच्या जोड्या दाखवतात, त्यामुळे तिघांचा एकत्र मार नजरेतून सुटू शकतो. शिवाय अमेरिकन साइटवर पॅरासिटामॉलला असिटामिनोफेन म्हणतात.

वही घेऊन एकाच डॉक्टरांकडे जा, शक्यतो नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे. तोवर चिठ्ठीवरची कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी तर नाहीच. आम्ही तीनच प्रश्न विचारले: दुप्पट काय जातंय, गुडघ्याची गोळी अजून हवी का, क्रिएटिनिन-पोटॅशियम कधी करायचं? तपासणीत क्रिएटिनिन १.६ निघालं, सहा महिन्यांपूर्वी ०.९ होतं. डॉक्टरांनी वेदनाशामक थांबवलं, एक टेल्मिसार्टन कमी केलं आणि रक्तदाब रोज वहीत टिपायला सांगितला. दोन आठवड्यांनी आकडा १.१.

लघवी अचानक कमी होणं, उठताना वारंवार भोवळ किंवा काळं शौच दिसलं, तर वही पूर्ण होण्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.

आता यादीची एक प्रत आत्याच्या पर्समध्ये असते. दुखलं की मात्र ती अजूनही शेजारणीकडेच गोळी मागते.