किडनीच्या आजारात कमी प्रथिनांचा आहार आणि कीटोअ‍ॅनालॉग गोळ्या: या चुका टाळा

रक्तातील क्रिएटिनिन कमी झाले की रुग्णाच्या घरात आनंद होतो. कमी प्रथिनांचा आहार घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत मात्र त्या आनंदाआधी वजनाचा काटा पाहावा. डायलिसिसवर नसलेल्या किडनीच्या दीर्घ आजारात हा आहार अनेकांना खरोखर उपयोगी पडतो. तो चुकतो तेव्हा चुकल्याची पहिली खूण बहुधा चांगल्या रिपोर्टसारखी दिसते, म्हणून ती ओळखायला शिकणे फार गरजेचे आहे.

एक उदाहरण घेऊ. रुग्णाचे वय ५२, वजन ६० किलो, मधुमेह नाही, किडनीची गाळण्याची क्षमता दाखवणारा ईजीएफआर २० आणि क्रिएटिनिन ३.४. त्यांना दररोज प्रतिकिलो ०.४ ग्रॅम, म्हणजे २४ ग्रॅम प्रथिने आणि सोबत कमी प्रथिनांची उणीव भरून काढणाऱ्या कीटोअ‍ॅनालॉगच्या १२ गोळ्या सांगितल्या गेल्या. पाच किलो वजनामागे एक गोळी, असा हा सर्वसाधारण हिशेब आहे. त्यांनी दूध, अंडी, मांस आणि कडधान्ये जवळजवळ बंद केली आणि गोळ्या नेमाने घेतल्या. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन ३.० आले, युरियाही उतरला आणि वजन ५६.५ किलो झाले. सूज आधीही नव्हती, त्यामुळे साडेतीन किलोंची ही घट पाणी उतरल्यामुळे झाली, असे म्हणता येत नव्हते.

क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होते. स्नायू झिजले की ते कमी तयार होते आणि किडनी जिथल्या तिथे असूनही आकडा उतरतो. त्यामुळे वजन उतरत असताना सुधारलेल्या क्रिएटिनिनवर विश्वास ठेवणे ही या आहारातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. अशा वेळी रक्तातील सिस्टॅटिन सी हा घटक तपासल्यास किडनीच्या कामाचा अधिक खरा अंदाज येतो, कारण तो स्नायूंवर तितका अवलंबून नसतो.

मग चुकले कुठे? पदार्थ बंद करताना त्यांच्यासोबत ऊर्जाही गेली, आणि ती कोणी भरून काढली नाही. या आहारात दररोज प्रतिकिलो साधारण ३० कॅलरी पोटात जाव्या लागतात, म्हणजे या रुग्णाला सुमारे १८०० कॅलरी. २४ ग्रॅम प्रथिनांमधून त्यांतील १०० कॅलरीसुद्धा मिळत नाहीत. बाकीच्या सगळ्या कॅलरी पिष्टमय पदार्थांतून आणि तेला-तुपातूनच आल्या पाहिजेत. कीटोअ‍ॅनालॉग म्हणजे अत्यावश्यक अमिनो आम्लांचा नायट्रोजन नसलेला सांगाडा. शरीर स्वतःजवळचा नायट्रोजन त्या सांगाड्याला जोडून अमिनो आम्ल बनवते. एरवी ज्या नायट्रोजनचा युरिया झाला असता तो असा कामी येतो, हीच या गोळीची खरी करामत आहे. पण ऊर्जा अपुरी असेल तर शरीर तो सांगाडा सरळ इंधन म्हणून जाळते आणि उरलेली गरज स्नायू मोडून भागवते. गोळ्या नेमाने घेऊनही कुपोषण होते ते यामुळे.

हे तपासण्याचा मार्ग २४ तासांच्या लघवीतून जातो. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची आणि तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत, तीही धरून, सगळी गोळा करायची. एखादी जरी सुटली तरी हिशेब खोटा ठरतो. तिच्यातील युरिया नायट्रोजनवरून प्रथिने अशी काढतात:

रोजची प्रथिने (ग्रॅम) = ६.२५ × (लघवीतील युरिया नायट्रोजन ग्रॅममध्ये + ०.०३१ × वजन किलोमध्ये)

आपल्या रुग्णाचा युरिया नायट्रोजन ३.६ ग्रॅम आला. त्यात ५६.५ किलो वजनाचे १.७५ मिळवून ६.२५ ने गुणले की सुमारे ३३ ग्रॅम होतात. गोळ्यांत सांगाड्यांसोबत काही अमिनो आम्ले तशीच असल्याने थोडा नायट्रोजनही असतो. १२ गोळ्यांचे त्यातले पावणेतीन ग्रॅम वजा केले तरी ३० ग्रॅमच्या वर उरतात. त्यांच्या आहाराच्या वहीत मात्र २२ ग्रॅमच लिहिलेले होते. असा फरक दिसला की रुग्णाने लपवून खाल्ले, असा निष्कर्ष घाईने काढला जातो, आणि मला तो अन्यायाचा वाटतो. वजन स्थिर असते तर तो पटलाही असता. इथे वजन उतरत होते, हाताची पकड सैल झाली होती, दंडाचा घेरही कमी झाला होता. वरचे आठ-नऊ ग्रॅम त्यांच्या स्वतःच्या स्नायूंतून येत होते. यावर उपाय आहार आणखी आवळण्याचा नव्हे. प्रथिने प्रतिकिलो ०.६ ग्रॅमपर्यंत सैल करायची, कॅलरी ठरल्याप्रमाणे पूर्ण करायच्या आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा वजन पाहायचे. त्यानंतर क्रिएटिनिन थोडे वर सरकले तरी वजन भरून येत असेल, तर तेवढ्यावरून किडनी बिघडली असे समजू नये.

उलट टोकाची चूकही तितकीच दिसते. गोळी म्हणजे किडनीचे औषध, असे समजून ती घ्यायची आणि जेवण पहिल्यासारखेच ठेवायचे. प्रथिने कमी झाली नाहीत तर शरीराला सांगाड्याची गरजच उरत नाही आणि गोळीचा खर्च वाया जातो. काही जण तिला प्रथिनांची गोळी मानून वर प्रोटीन पावडरही घेतात. आणखी एक नेहमीचा गोंधळ वजनाचा आहे. २४ ग्रॅम प्रथिने म्हणजे २४ ग्रॅम अन्न नव्हे. धान्यातही प्रथिने असतात आणि तीही मोजावी लागतात.

गोळ्या जेवणासोबत आणि न चावता घ्यायच्या असतात. बहुतेक सांगाडे कॅल्शियमच्या क्षारांच्या रूपात असतात. एका गोळीत सुमारे ५० मिलिग्रॅम कॅल्शियम असल्याने १२ गोळ्यांचे ६०० मिलिग्रॅम होतात. त्यासोबत फॉस्फरस बांधण्यासाठी कॅल्शियमच्या गोळ्या आणि व्हिटॅमिन डी चालू असेल तर रक्तातील कॅल्शियम वाढू शकते. ते आधीच वाढलेले असेल तर या गोळ्या देत नाहीत. लोहाच्या गोळ्या आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके यांच्याबरोबर घेऊ नयेत, कारण कॅल्शियममुळे त्यांचे शोषण घटते.

फायदा कोणाला होतो, याबाबत पुरावा सरळ नाही आणि तो तसाच सांगितला पाहिजे. युरिया, फॉस्फरस आणि रक्तातील आम्लता कमी होते, मळमळीसारखा त्रास हलका होतो, आणि निवडक रुग्णांत डायलिसिस लांबणीवर पडते. रोमानियात झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रतिकिलो ०.३ ग्रॅम शाकाहारी प्रथिने आणि कीटोअ‍ॅनालॉग घेणाऱ्यांना चांगलाच लाभ झाला. पण त्या चाचणीसाठी तपासलेल्यांपैकी जेमतेम सातवा हिस्सा रुग्ण पात्र ठरले होते. अमेरिकेतील एमडीआरडी या अभ्यासात अतिशय कमी प्रथिनांच्या गटाला दीर्घकाळात लाभ दिसला नाही, उलट मृत्यू अधिक आढळले. माझ्या मते निवड आणि देखरेख हाच या उपचाराचा अर्धा भाग आहे.

योग्य रुग्ण म्हणजे ज्याचा ईजीएफआर साधारण ३० च्या खाली आहे, प्रकृती स्थिर आहे, भूक चांगली आहे, वजन टिकून आहे, आणि जो आहारतज्ज्ञाकडे नियमित येऊन वही लिहू शकतो. मधुमेह असेल तर प्रथिने प्रतिकिलो ०.६ ते ०.८ ग्रॅम ठेवण्याची शिफारस आहे, त्याहून खाली नेत नाहीत. लहान मुले, गरोदर स्त्रिया, स्नायू आधीच झिजलेले वृद्ध आणि नुकतेच वजन घटलेले रुग्ण यांच्यासाठी हा आहार नाही. डायलिसिस सुरू झाले की गरज प्रतिकिलो १ ते १.२ ग्रॅमवर जाते, तरी जुन्या सवयीने प्रथिने टाळत राहणारे रुग्ण आढळतात.

ताप, जंतुसंसर्ग किंवा शस्त्रक्रिया आली की शरीर स्नायू वेगाने मोडते. अशा दिवसांत आहाराचा जुना कागद पाळत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, म्हणजे प्रथिनांवरची मर्यादा ते तात्पुरती उठवतील आणि वजन व भूक पूर्ववत झाल्यावरच पुन्हा लावतील.