चाकणमधला पहिला दिवस आणि साहेबांना दिलेली ओळख (एकदा फसलेली, एकदा जमलेली)

डिप्लोमा मेकॅनिकल करून भोसरी, चाकण, रांजणगाव साईडला जॉईन होणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितोय, त्यातही क्वालिटी किंवा प्रॉडक्शनला जाणार असाल तर जास्तच. ऑफिसात जाणाऱ्यांना यातलं थोडं लागू पडेल थोडं नाही, कारण तिथं केबिन असते, दार असतं, आत येऊ का म्हणून विचारता तरी येतं. शॉपफ्लोअरवर साहेब कुठंतरी मशीनपाशी उभे असतात, हातात जॉब असतो, बाजूला प्रेसचा आवाज, आणि आपण नवीन शर्ट घालून मध्येच उगवतो.

माझं पहिलं जॉइनिंग नॅट्सच्या अप्रेंटिसशिपचं होतं, एक वर्षाचं. कंपनीचं नाव सोडून द्या. कॉलेजला शेवटच्या वर्षाला आमच्याकडून इंट्रो पाठ करून घेतला होता, गुड मॉर्निंग सर, मायसेल्फ अमुक अमुक, आय बिलाँग टू बार्शी, मग दहावीचे टक्के, डिप्लोमाचे टक्के, वडील शेती करतात, माय स्ट्रेंथ इज हार्ड वर्क, माय हॉबी इज प्लेइंग क्रिकेट. हे इंटरव्ह्यूला चाललं होतं त्यामुळे मला वाटलं हेच सगळीकडे चालतं.

पावणेनऊला एचआरच्या मॅडम मला लाईनवर घेऊन गेल्या. क्वालिटीचे साहेब बोर्डासमोर उभे, रात्रपाळीचं रिजेक्शन लिहीत होते, एका हातात मार्कर आणि दुसऱ्या हातात तोच रिजेक्ट झालेला जॉब. मॅडम म्हणाल्या, "सर, हे नवीन अप्रेंटिस, डिप्लोमा मेकॅनिकल, बार्शीचे." म्हणजे निम्मी ओळख त्यांनीच करून दिली होती. पण माझी कॅसेट सुरू झालेली. प्रेसच्या आवाजात जवळजवळ ओरडतच दहावीच्या टक्क्यांपर्यंत पोचलो तर साहेब वळून म्हणाले, "काय?" आणि मी परत गुड मॉर्निंगपासून चालू! लाईनवरची दोन पोरं तोंड फिरवून हसली ते अजून आठवतं. साहेबांनी माझ्या पायाकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं बरं. शूज कुठायत?" स्टोअरला माझ्या साईजचे सेफ्टी शूज नव्हते म्हणून मी घरचे पॉलिश केलेले काळे बूट घालून तसाच आत आलो होतो. "शूज घालून या, मग बोलू." ते मग बोलणं कधी झालंच नाही, पुढचे दोन आठवडे मी त्यांच्यासाठी "तो नवीन" होतो.

नंतर विचार केला की नक्की काय चुकलं, तर घाबरलो हे कारण नव्हतंच, घाबरतात सगळेच. एक म्हणजे मॅडमनी सांगितलेलंच मी परत सांगत बसलो. दुसरं, जे सांगत होतो ते त्या माणसाच्या कामाचं नव्हतं, टक्के एचआरच्या फाईलमध्ये असतात, क्वालिटीच्या साहेबांना एवढंच कळायला हवं असतं की हा पोरगा कुठं उभा करायचा आणि याच्या हातात काय द्यायचं. आणि तिसरं सगळ्यात मोठं, मला मध्ये कोणी अडवलं तर तिथून पुढे जाताच येत नव्हतं. पाठ केलेलं ऐकणाऱ्याला ओळखू येतं ते यामुळेच, माणूस "काय?" म्हणाला की बोलणारा मागे जातो. साधं बोलणारा माणूस मागे जात नाही, तो फक्त जे ऐकू आलं नाही तेवढं परत सांगतो.

अप्रेंटिसशिप संपल्यावर दुसऱ्या कंपनीत ट्रेनी म्हणून लागलो, क्वालिटीतच, इन्कमिंगला, म्हणजे व्हेंडरकडून आलेला माल तपासायचा. यावेळी वाक्यं तयार केलीच नाहीत, फक्त तीन गोष्टी डोक्यात ठेवल्या. नाव. आज कशाला आलोय, म्हणजे इन्कमिंगला जॉईन झालोय. आणि आधी हाताने केलेलं एक काम. आदल्या रात्री रूम पार्टनरला म्हटलं मी बोलतो, तू मध्येच काहीही विचार. तो म्हणे "जेवलास का?" मी म्हटलं "हो, मेसला," आणि पुढचं सांगायला लागलो. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा शब्द वेगळे आले. शब्द दर वेळी वेगळे येतायत पण गोष्टी त्याच राहतायत, म्हणजे पाठ झालेलं नाही, असं समजा. प्रत्येक वेळी तेच वाक्य जसंच्या तसं यायला लागलं तर थांबा, अजून घोटू नका. आरशासमोर तर अजिबात करू नका, आरसा मध्ये प्रश्न विचारत नाही.

आता वेळेचं बघा. शिफ्ट चालू झाल्यावर पहिला तासभर क्वालिटीच्या साहेबाला सगळ्यात वाईट, रात्रीचं रिजेक्शन, मॉर्निंग मीटिंग, कोणत्यातरी कस्टमरचा फोन. एचआरवाले तुम्हाला नेमके तेव्हाच आणून सोडतात, त्यात तुमचा इलाज नाही. पण आणून सोडलं म्हणजे लगेच बोललंच पाहिजे असं कुठंय. पिवळ्या पट्टीच्या आत, चालायच्या रस्त्यावरच उभं राहायचं, त्यांना दिसू असं, पण ते ज्या जॉबकडे बघतायत त्याच्या उजेडात नाही. माणूस मेजरमेंट घेत असेल तर तेव्हा चकार शब्द नको, रीडिंग चुकलं तर पहिली शिवी तुम्हालाच. त्यांनी मान वर केली की तेव्हा.

मी बहुतेक पाचेक मिनिटं उभा होतो, खूप वाटतात ती. साहेबांनी वर बघितलं तसं म्हटलं, "नमस्कार सर." हात पुढे केला नाही, त्यांच्या हातात ग्लोव्ज होते आणि ग्लोव्जला तेल. हात मिळवायचा की नाही ते त्यांच्यावर सोडा, केला पुढे तर मिळवा, नाहीतर मान थोडी लववून नमस्कार पुरतो. पाया वगैरे पडू नका, एकाला पडताना बघितलंय, साहेबच बिचारे दोन पावलं मागे सरकले.

पुढचं जसं आठवतंय तसं लिहितो.

"हां, बोला."

"मी आजपासून इन्कमिंगला जॉईन झालोय," आणि नाव सांगितलं, आडनावासकट. "याआधी वर्षभर अप्रेंटिस होतो, लाईन इन्स्पेक्शनला."

इथं थांबलो. खरं सांगायचं तर थांबणं सगळ्यात अवघड, तोंड आपोआप पुढे पळतं, हार्ड वर्किंग वगैरे यायला लागतं. पण लाईन इन्स्पेक्शन म्हटलं की क्वालिटीच्या माणसाला पुढचा प्रश्न सुचतोच, तो त्यांना विचारू द्यायचा.

"काय काय वापरलंय?"

"व्हर्नियर, हाईट गेज, मायक्रोमीटर रोज वापरायचो. बोअर गेज बघितलाय पण स्वतः सेट नाही केलेला."

"सीएमएम?"

"नाही सर."

बास, एवढंच. सगळं मिळून अर्धा मिनिटसुद्धा नसेल झालं. नाही येत ते सरळ नाही म्हणून सांगितलं त्याचा मला फायदाच झाला, कारण शॉपफ्लोअरवर खोटं दुपारपर्यंत उघडं पडतं. त्यांनी टेबलावरचा ०-२५ चा मायक्रोमीटर आणि एक पिन माझ्यापुढे सरकवली, बघा म्हणाले किती येतंय. मी आधी दोन्ही फेस कापडाने पुसले, रॅचेटने बंद करून झिरो बघितला, झिरो बरोबर होता, मग पिन धरली, एकदा मोजली, फिरवून परत मोजली. दोन्ही रीडिंगमध्ये ०.०१ चा फरक होता, तो तसाच सांगितला. साहेब काही बोलले नाहीत, पण पिन परत घेताना लाईनच्या पोराला म्हणाले, "याला बोअर गेज दाखव आज." माझी खरी ओळख तिथं झाली असं मला वाटतं, आणि ती व्हायला वेळ उरला कारण तोंडी ओळख लवकर आटपली होती. थिंबल धरून करकचून आवळला असता तर मात्र वर्षभर अप्रेंटिस होतो म्हटलेलं सगळं पाण्यात.

भाषेचं बरेच जण विचारतात. चाकणला साहेब मराठी असतीलच असं काही नाही, तमिळ असतात, यूपी-बिहारचे असतात, हिंदी चालते सगळीकडे. ते ज्या भाषेत सुरू करतील त्यात उत्तर द्या, आणि तुम्हालाच आधी बोलायचं असेल तर लाईनवरची पोरं त्यांच्याशी कशात बोलतायत ते उभ्या उभ्या कानावर पडतंच. सर म्हणायचं का साहेब का मॅडम, तेही तसंच कळतं, हे पाच मिनिटांचं उभं राहणं त्यासाठीही कामाला येतं. मराठीत बोलताना "मी आपणास माझा अल्प परिचय करून देऊ इच्छितो" असलं काही नको राव, स्नेहसंमेलन आहे का ते. घरी मामांशी जसं आदराने बोलता तसं तुम्ही-आम्ही घालून बोला.

अजून एक प्रश्न मराठी साहेब हमखास विचारतात, "गाव कुठलं?" याला घाबरायचं कारण नाही आणि याच्यात वाहूनही जायचं नाही. तालुका सांगा, जिल्हा सांगा, थांबा. मी एकदा गावाचं नाव सांगितलं, मग ते कुठं येतं, मग शेजारचं मोठं गाव कोणतं, मग एसटी कुठून जाते, इतकं सांगत बसलो की समोरच्याचा चहा गार झाला. तालुका सांगितला की त्यांचं कोणी तिकडचं असेल तर तेच बोलतात, नसेल तर विषय तिथंच संपतो.

आणि नाव विसरतात बरं का, दुसऱ्या दिवशी "काय नाव म्हणालात?" हे येणारच. तोंड पाडू नका, कालच सांगितलं होतं असंही म्हणू नका, पहिल्यांदा सांगतोय तसं परत सांगा, नाव-आडनाव, जरा सावकाश, प्रेस चालू असेल तर एक पाऊल जवळ जाऊन. माझं त्यांनी तीन वेळा विचारलं. चौथ्यांदा विचारायची वेळ आली तेव्हा त्यांनाच संकोच वाटला असावा, लांबूनच हाक मारली, "ओ बार्शी, ते रिंग गेज घेऊन या इकडं," आणि पुढे दीड वर्ष तिथं होतो तोवर बार्शीच राहिलो.