आजोबांच्या श्वासात बसेल असं भाषण

आमच्या फोंड्याकडे जत्रेच्या नाटकाआधी एखाद्या जुन्या नटाला दोन शब्द बोलायला उभं करतात, आणि लिहून देणारा तरुण असला की वाक्यं हातभर लांब. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यात आवाज बारीक असला की नेमका शेवट विरतो आणि ‘नाही’ ऐकूच येत नाही, म्हणजे अर्थच उलटा!

हे बघा: ‘वडिलांनी याच मांडवात बसवलेलं नाटक पावसामुळे मध्येच थांबलं पण लोक घरी गेले नाहीत.’ मी ते असं केलं:

याच मांडवात / वडिलांनी नाटक बसवलं. //
मध्येच पाऊस आला. //
नाटक थांबलं. //
लोक जाग्यावरच बसून राहिले. //

एक रेघ म्हणजे जरा थांबा, दोन म्हणजे आरामात श्वास. ‘नाहीत’ काढूनच टाकलं. मग आजोबांना ते वाचून दाखवायला लावा आणि फोनवर रेकॉर्ड करा, जिथे शब्दांच्या मधेच श्वास घेतला किंवा शेवटचा शब्द पुसट झाला तिथे वाक्य अजून तोडा, ‘जरा जोरात बोला’ सांगू नका, घसा ताणला की आवाज बसू शकतो. कागदावर अक्षर मोठं, आणि वाक्य पान उलटताना तुटायला नको.