फायनल राउंडनंतर ऑफरला नाही म्हणताय? कारण सांगताना या चुका टाळा

मी पुण्यात आयटीमध्ये आहे, आणि आता काही वर्षं इंटरव्ह्यू पॅनलवर पण बसते, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजू बघून झाल्यात. ऑफर नाकारण्यात काहीच गैर नाहीये. नोटीस पिरेड बऱ्याच ठिकाणी 90 दिवसांचा असतो, तेवढ्या काळात माणसाकडे दोन-तीन ऑफर जमतात, एचआरला हे पक्कं माहिती असतं. घोळ होतो तो कारण सांगताना.

खोटं कारण देणं

ही चूक मी स्वतः केलीय. दोन ऑफर हातात होत्या, एकीला नाही म्हणायचं होतं, आणि समोरच्या रिक्रूटर मॅडम इतक्या छान बोलत होत्या की मला खरं सांगवेना. म्हटलं, आईची तब्येत बरी नाहीये, सध्या जॉब बदलणं जमणार नाही. त्या लगेच म्हणाल्या, "अगं आधी आईंकडे बघ, मी मॅनेजरशी बोलते, जॉइनिंग दीड महिना पुढे ढकलू." आता काय बोलणार? मग ते झाकायला दुसरं खोटं, मग तिसरं. पुढे लिंक्डइनवर मी नवीन कंपनी टाकली आणि मग विसरून गेले. दीड वर्षाने दुसऱ्याच एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेले तर समोर त्याच मॅडम. त्यांनी आधी विचारलं, "आई कशा आहेत आता?" अगदी मनापासून विचारलं हो. ते आठवलं की अजून पोटात कसंतरी होतं. आजारपण, लग्न, गावी परत जातोय, असली कारणं खोटी द्यायचीच नाहीत, एक म्हणजे समोरचा माणूस त्यावर खरीखुरी मदत करायला धावतो, आणि दुसरं म्हणजे आपलं फील्ड फार लहान आहे, रिक्रूटर पण कंपन्या बदलतात.

खरं पण चुकीचं कारण देणं

ही चूक पटकन लक्षात येत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. माझा मावसभाऊ, जावा डेव्हलपर, चार वर्षांचा अनुभव, राहतो वाघोलीला. हिंजवडी फेज 3 मधल्या कंपनीची 16 लाखांची ऑफर होती, त्यातले दीड लाख व्हेरिएबल, आठवड्यातून पाच दिवस ऑफिस. त्याला नाही म्हणायचं होतं, मेल लिहून मला पाठवला, "ताई एकदा बघ ना." मेल बावीस ओळींचा! सुरुवातीला आभार, मग प्रवास, मग व्हेरिएबल, मग घरची परिस्थिती, मग दोनदा सॉरी, मग परत प्रवास.

मी त्याला एकच विचारलं, समज उद्या त्यांनी सांगितलं की आठवड्यातून एकच दिवस ये आणि व्हेरिएबल पण फिक्समध्ये टाकतो, मग जॉइन होशील का? थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "नाही गं, फायनल राउंडला मॅनेजर म्हणाले की पहिलं वर्षभर प्रॉडक्शन सपोर्टच आहे, शिफ्टमध्ये, आणि मला डेव्हलपमेंट सोडायचं नाहीये."

म्हणजे खरं कारण हे, आणि ते बावीस ओळींत कुठेच नव्हतं!

वाघोली ते हिंजवडी रोज जाणं त्रासाचंच आहे, सकाळी दीड-दोन तास सहज जातात, त्यामुळे तो खोटं बोलत नव्हता. पण मेल तसाच गेला असता तर एचआरने प्रवासावर तोडगा काढला असता, वरिष्ठांकडून मंजुरी आणली असती, आणि हा परत नाहीच म्हणाला असता. दुसऱ्यांदा नाही म्हटलं की समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि वाटणारच. म्हणून कारण लिहायच्या आधी स्वतःला विचारा, त्यांनी ही अडचण सोडवली तर मी जाईन का. उत्तर हो आलं तर तुम्हाला नाही म्हणायचंच नाहीये, तुम्हाला अजून बोलणी करायचीत, तर सरळ फोन करून बोलणी करा. उत्तर नाही आलं तर ते कारण खोडा आणि त्याच्या खालचं शोधा. पगाराच्या बाबतीत हे सगळ्यात जास्त होतं, लोक सवयीने "पॅकेज कमी वाटलं" लिहितात आणि तासाभरात वाढीव आकडा घेऊन फोन येतो.

शेवटी त्याने आधी फोन केला, सकाळी अकराला, आणि मग लगेच मेल टाकला. मेल इंग्लिशमध्ये होता, पण मजकूर एवढाच:

"नमस्कार, ऑफरबद्दल आणि तिन्ही राउंडमध्ये दिलेल्या वेळेबद्दल आभारी आहे. विचार करून मी ही ऑफर न स्वीकारण्याचं ठरवलंय. या रोलमध्ये पहिलं वर्ष मुख्यतः सपोर्टचं आहे आणि मला डेव्हलपमेंटमध्येच राहायचंय. मॅनेजरनी हे आधीच स्पष्ट सांगितलं त्याबद्दल त्यांचेही आभार कळवा."

नाही हे दुसऱ्याच वाक्यात आलंय बघा, कारण एक, सॉरी एकदाही नाही. "सध्या तरी", "बहुतेक" असले शब्द पण काढून टाकले, त्यांनी उगाच आशा लागते.

खरं कारण कडू असेल तर? म्हणजे इंटरव्ह्यू घेणारा उद्धट बोलला, असं काही. तेव्हा "टीमच्या कामाच्या पद्धतीशी माझं जुळेल असं वाटलं नाही" एवढं पुरतं, हे खरंच आहे आणि त्यात कुणावर आरोप नाही. तक्रार खरंच करायची असेल तर वेगळी करा, नकाराच्या मेलमध्ये मिसळू नका.

नाही म्हटल्यावर गडबडणं

फोन येतो, "कुठली कंपनी? किती देतायत?" नाव सांगायलाच पाहिजे असं नाही. "ते सांगणं मला योग्य वाटत नाही, पण निर्णय पक्का आहे" इतकं बोलून थांबा. आपण बडबडत राहिलो की नवीन कारणं तोंडातून निघतात आणि प्रत्येक कारणावर नवीन चर्चा. मॅनेजरचा स्वतःचा फोन आला तरी मेलमधलंच वाक्य परत सांगा.

पोर्टलवर ॲक्सेप्ट दाबून बसला असाल तर मात्र माफी मागायची, कारण आता तुम्ही शब्द फिरवताय. लेटरमधल्या अटी आधी वाचा, जॉइनिंग बोनस आगाऊ घेतला असेल तर तो परत करायचं स्वतःहून लिहा, आणि त्याच दिवशी कळवा. जॉइनिंगच्या सकाळी फोन बंद करून ठेवणारे मी पॅनलवर असताना बघितलेत, टीम लॅपटॉप तयार ठेवून वाट बघते, आणि तोपर्यंत होल्डवर असलेला दुसरा कॅन्डिडेट कुठेतरी जॉइन झालेला असतो. ऑफर मिळाल्यावर लवकर कळवलं तर त्या दुसऱ्या माणसाला ती नोकरी मिळू शकते.

रेफरलने गेला असाल तर मित्राला एचआरच्या आधी सांगा, त्याला कॉरिडॉरमध्ये मॅनेजरकडून कळायला नको. आणि कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर मेलमध्ये कंपनीच्या एचआरला पण ठेवा, नाहीतर कन्सल्टन्सीवाला तुम्हाला मनवायच्या नादात दोन-चार दिवस तो नकार पुढे कळवतच नाही, आणि तिकडे सगळे समजतात की तुम्हीच गायब झालात.