गोबरगॅसची ज्योत उडत असेल तर आधी जेट बघा, मग हवा

मोहोळजवळच्या वस्तीवर आमच्या चुलतभावाकडे दोन घनमीटरचा, तरंगत्या ड्रमचा गोबरगॅस आहे. गेल्या थंडीत तिथे गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, शेगडी नुसती फुरफुरते. ज्योत बर्नर सोडून वर उडते, आणि सव्वा तासात ड्रम खाली बसतो. निम्म्या भाकऱ्या चुलीवर कराव्या लागतात." घरात सगळे शेणाला दोष देत होते. पण रोज 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी टाकीत जात होतं. एक किलो ताज्या शेणातून साधारण 40 लिटर गॅस मिळतो, म्हणजे हिशेब बरोबर होता. दोष शेगडीत होता.

हा दोष समजायला गॅसमध्ये काय असतं ते आधी बघू. शेणाच्या गॅसमध्ये मिथेन साधारण 55 ते 60 टक्के असतो आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. त्याखेरीज पाण्याची वाफ आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास येतो तो यामुळे. जळतो तो मिथेन:

CH4 + 2O2 → CO2 + 2H2O

एक लिटर मिथेन पुरता जळायला दोन लिटर ऑक्सिजन, म्हणजे सुमारे साडेनऊ लिटर हवा लागते. गॅसमध्ये मिथेन 60 टक्केच असल्यामुळे एक लिटर गोबरगॅसला पावणेसहा लिटरच्या आसपास हवा पुरते. सिलिंडरच्या गॅसला लिटरमागे 25 ते 30 लिटर लागते.

कार्बन डायऑक्साइड स्वतः जळत नाही, उलट ज्योतीची उष्णता खातो आणि तिला संथ करतो. मिथेन आणि हवेच्या योग्य मिश्रणात ज्योत सेकंदाला सुमारे 40 सेंटिमीटर वेगाने पुढे सरकते. गोबरगॅसमध्ये हा वेग 25 च्या आसपास येतो. बर्नरच्या भोकांतून मिश्रण यापेक्षा फार जोरात बाहेर पडलं, की ज्योत भोकावर टिकत नाही, वर उचलली जाते आणि विझते. वहिनींच्या शेगडीत हेच होत होतं.

आता तपासणी. पहिल्यांदा दाब मोजा. पारदर्शक नळी इंग्रजी U सारखी वाकवून पाटीला बांधा, तिच्यात निम्म्यापर्यंत पाणी भरा. शेगडीची रबरी नळी काढून या नळीच्या एका तोंडाला घट्ट जोडा, दुसरं तोंड उघडं ठेवा आणि कॉक हळूच उघडा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक म्हणजे गॅसचा दाब. मोहोळला तो 10 सेंटिमीटर भरला. ड्रमच्या टाकीला 8 ते 10 सेंटिमीटर ठीक. सिलिंडरचा रेग्युलेटर मात्र जवळपास 30 सेंटिमीटरचा दाब देतो, म्हणून त्या शेगडीच्या जेटचं, म्हणजे गॅस बर्नरमध्ये सोडणाऱ्या पितळी तोटीचं, भोक एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. गोबरगॅसचा दाब कमी आणि लिटरमागे उष्णताही कमी, त्यामुळे जेट मोठं लागतं. किती मोठं, इथेच लोक चुकतात.

जेट काढा आणि वेगवेगळ्या ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू त्याच्या भोकात घालून पाहा. या शेगडीच्या जेटमध्ये 3 मिलिमीटरचं बिट सहज गेलं. सिलिंडरचीच शेगडी होती, एका कारागिराने जेट पोखरून दिलं होतं. गॅस कमी येतो म्हटल्यावर त्याने भोक आणखी मोठं केलं. पण व्यास 2 वरून 3 मिलिमीटर केला की भोकाचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, आणि गॅसही त्याच प्रमाणात वाढतो.

गॅस खरंच किती जळतो, ते ड्रमवरूनच कळतं. मधल्या दांड्याजवळ खडूने खूण करा, शेगडी 10 मिनिटं पूर्ण चालू ठेवा आणि ड्रम किती खाली बसला ते मोजा. वहिनींचा ड्रम 1.25 मीटर व्यासाचा, म्हणजे माथ्याचं क्षेत्रफळ सुमारे 1.23 चौरस मीटर. दहा मिनिटांत तो 11 सेंटिमीटर बसला. हे झाले 135 लिटर. तेवढ्या वेळात टाकीत नवीन 14 लिटर तयार झाले, तेही जळाले. म्हणजे तासाला जवळजवळ 900 लिटर! घरगुती मोठ्या बर्नरला 450 लिटर पुरतात. दुप्पट गॅस त्याच टोपीच्या भोकांतून जायचा, म्हणून ज्योत उडायची आणि ड्रमही लवकर रिकामा व्हायचा. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच.

सोलापुरातून कोरं पितळी जेट आणून त्याला 2.1 मिलिमीटरचं भोक पाडून घेतलं. 10 सेंटिमीटर दाबाला हे 450 लिटरच्या आसपास गॅस देतं. तुमचा दाब 8 असेल तर 2.2 घ्या. नव्याने शेगडी घेणार असाल तर मात्र सिलिंडरची शेगडी पोखरत बसू नका. आयएस 8749 हे मानक खास बायोगॅसच्या शेगडीसाठी आहे, त्याची खूण असलेलीच घ्या. तिच्या टोपीची भोकं या संथ ज्योतीचा विचार करून केलेली असतात.

जेट बसल्यावर हवा लावा. मिश्रण नळीच्या तोंडाशी हवेची चकती असते, ती आधी जवळजवळ बंद करा. काडी आधी पेटवा, मग कॉक उघडा. ज्योत लांब, लुळी, टोकाला पिवळसर दिसेल. आता चकती अगदी थोडी थोडी उघडत जा. पिवळेपणा जाऊन प्रत्येक भोकावर आखूड, स्वच्छ निळा सुळका उभा राहील. चकती आणखी उघडली की फुरफुर सुरू होते आणि एखाद्या भोकावरची ज्योत सुटते. तिथून जरा मागे या आणि स्क्रू आवळा. मग तवा ठेवून पुन्हा बघा, कारण लागणारी हवा सगळी चकतीतून जात नाही. बरीचशी तव्याखालच्या फटीतून येते. फट कमी असली तर ज्योत पिवळी पडते आणि तव्याच्या बुडाला काजळी धरते. ती दिसली की अर्धवट ज्वलन होतंय असं समजा. त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, तेव्हा खिडकी उघडा आणि ज्योत दुरुस्त होईपर्यंत त्यावर स्वयंपाक करू नका.

वहिनींकडे यानंतर ड्रम 10 मिनिटांत 5 सेंटिमीटरच बसला. दोन लिटर पाणी उकळायला आधी 9 मिनिटं लागायची, आता 8 लागली, आणि गॅस निम्मा.

ज्योत थांबून थांबून भकभक करत असेल तर हवेला हात लावू नका. पाइपात पाणी साचलं असेल. सोलापूरकडे थंडीच्या रात्री ते जास्त साचतं. पाइपाच्या सर्वांत खालच्या जागी असलेला पाण्याचा कॉक उघडून ते काढून टाका. त्या वेळी जवळ विडी-काडी नको, कारण हवेत मिथेन 5 ते 15 टक्के झाला की तो भडका घेतो. नवीन टाकीचा पहिला गॅसही याच कारणाने न पेटवता सोडून द्या. त्यात हवा मिसळलेली असते.

डोमच्या टाकीत दाब दिवसभर वरखाली होतो. तिथे चकती मधल्या दाबाला लावा आणि सकाळी डोम भरलेला असताना कॉक थोडा कमी उघडा. ड्रमवर दगड ठेवायची सवय आपल्याकडे बरीच आहे. या मापाच्या ड्रमवर 25 किलोचा दगड ठेवला की दाब दोन सेंटिमीटरने वाढतो, आणि लावलेली ज्योत परत उडायला लागते. वहिनींच्या ड्रमवरचा दगड मी येताना गोठ्याच्या दारात ठेवून आलो.