ताण सिद्धान्त आणि विभेदी साहचर्य: तुलनेच्या उत्तरात या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी परभणीकडची एक विद्यार्थिनी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊन आली. प्रश्न होता, तरुणांच्या गुन्हेगारीच्या संदर्भात ताण सिद्धान्त आणि विभेदी साहचर्य सिद्धान्त यांची तुलना करा. तिने सहा पानं भरली होती. आधी ताण सिद्धान्त मांडणाऱ्या मर्टनचा १९३८ चा लेख आणि पाच प्रतिसादांचा तक्ता, मग गुन्हा संगतीतून शिकला जातो असं विभेदी साहचर्यात मांडणाऱ्या सदरलँडची १९४७ ची नऊ विधानं, अगदी क्रमाने. शेवटी एक ओळ: ‘अशा प्रकारे दोन्ही सिद्धान्त महत्त्वाचे आहेत.’ वीसपैकी आठ गुण. “सर, यात चूक कुठंय?” चूक नव्हतीच, पण तुलनाही नव्हती. दोन टिपा एकीखाली एक लिहिल्या होत्या.

मी तिला सदरलँडचं नववं विधान मोठ्याने वाचायला लावलं. त्याचा आशय असा: गुन्ह्यातून माणसाच्या सर्वसामान्य गरजा आणि मूल्यं व्यक्त होतात, पण त्यांनी गुन्ह्याचा उलगडा होत नाही, कारण सरळ वागणंही त्याच गरजांतून येतं. चोर पैशासाठी चोरी करतो आणि मोंढ्यातला हमालही पैशासाठीच पोती उचलतो. मग पैशाची ओढ चोरीचं कारण कशी? ध्येयाची ओढ आहे पण सरळ वाट बंद, या ताणातून गुन्हा येतो, असं मर्टन म्हणतो; त्याचं नाव न घेता त्याच्या मांडणीला विचारलेला हा प्रश्न आहे. ते विधान तिला तोंडपाठ होतं, त्यातलं भांडण मात्र कुणी दाखवलं नव्हतं. गाईडमधून पाठ करणाऱ्यांचं हेच होतं, आणि कष्टाळू लेकरांचे गुण असे गेले की मला वाईट वाटतं.

माझी सवय अशी की एकच प्रसंग घ्यायचा आणि दोघांनाही त्यावर बोलायला लावायचं. समजा, एका गावचे दोन चुलतभाऊ लातूरला शिकवणीला आले. दोघांच्याही घरी जमीन थोडी, दोघांनाही ‘डॉक्टरच व्हायचं’ असं सांगितलेलं, आणि दोघंही नीटमध्ये दोनदा मागे पडले. एक मोंढ्यात दिवाणजीच्या हाताखाली लागला. दुसरा मोटारसायकली चोरून सुटे भाग विकू लागला.

मर्टन म्हणेल, ध्येय सगळ्यांना सारखं दिलं, तिथवर जायची वाट मात्र सगळ्यांना सारखी दिली नाही. दुसऱ्याने ध्येयांपैकी पैसा आणि प्रतिष्ठा धरून ठेवली, मार्ग तेवढा बदलला. हा ‘नवप्रवर्तन’ प्रतिसाद. पण ताण दोघांवर सारखा असताना पहिला असा का वागला नाही? इथे मर्टन थांबतो, कारण कोणत्या समाजस्तरात गुन्ह्याचं प्रमाण जास्त आणि का, हा त्याचा मूळ प्रश्न आहे. सदरलँड इथूनच सुरू होतो: दुसऱ्याच्या खोलीवरच्या मुलांकडून त्याला कुलूप उघडण्याचं तंत्र मिळालं आणि ‘विमा असतो, कुणाचं नुकसान होत नाही’ हे समर्थनही मिळालं. उलट, ती मुलं त्याच वस्तीत का जमली, याचं उत्तर सदरलँडकडे कमी आणि मर्टनकडे जास्त सापडतं. एवढं लिहिलंत की तुलना झाली.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त खटकते. सदरलँडवरची दहापैकी सात उत्तरं ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीने सुरू होतात. म्हण चांगली आहे, पण इथे दिशाभूल करते. नुसतं शेजारी बसून गुन्हा शिकला जात असता तर तुरुंगातला शिपाई सगळ्यात आधी बिघडला असता. सदरलँड माणसांच्या संगतीपेक्षा त्यांच्याकडून येणाऱ्या अर्थांविषयी बोलतो: कायदा मोडण्याच्या बाजूचे अर्थ विरोधातल्या अर्थांहून वरचढ झाले की गुन्हा घडतो. ही संगत किती वारंवार, किती काळ, किती लहान वयापासून आणि किती जिव्हाळ्याची, हे चार निकष लिहा. चुलतभावाच्या उदाहरणात जिव्हाळा निर्णायक आहे: दिवाणजीचा शब्द पहिल्याला लागत होता, दुसऱ्याला वडीलधारं असं कुणी नव्हतं. मर्यादाही तिथेच सांगा, की हे अर्थ मोजून तोलायचे कसे, हे सदरलँडला दाखवता आलं नाही.

ताण म्हणजे गरिबी, असं लिहू नका. दुष्काळाचं वर्णन पानभर करून मर्टन सिद्ध होत नाही. नुसती गरिबी त्याला पुरेशी वाटत नाही, ध्येय सगळ्यांसमोर सारखं ठेवलेलं असावं लागतं. दुर्खीमची प्रमाणकशून्यता, म्हणजे समाजाच्या नियमांची पकड सुटणं, आणि मर्टनची, म्हणजे ध्येय आणि वाट यांतली तफावत, एकच समजू नका. गुन्ह्यात सापडलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलाला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ लिहा.

समारोपासाठी ‘दोन्ही महत्त्वाचे’ ऐवजी क्लोवर्ड आणि ओहलिन (१९६०) वापरा. त्यांचं म्हणणं, सरळ मार्ग बंद झाला तरी वाकडा मार्ग आपोआप उघडत नाही, तोही शिकवणारं कुणी लागतं. चोरीचे सुटे भाग घेणारा गॅरेजवाला ओळखीचा नसता, तर दुसऱ्या चुलतभावाचा ताण तेवढाच राहिला असता, पण मोटारसायकल विकली गेली नसती.